लॉटरीचं यंत्र 'प्रमाणित' असतं म्हणजे नेमकं काय तपासलेलं असतं?

घाटवाटा
मेव्हणा न्यू जर्सीत असतो आणि दर आठवड्याला पॉवरबॉलचं तिकीट काढतो. परवा व्हिडिओ कॉलवर वाद झाला. त्याचं म्हणणं, पॉवरबॉलचे चेंडू फ्लोरिडात टॅलाहासीच्या स्टुडिओत कॅमेऱ्यासमोर उडतात, त्यामुळे त्यावर विश्वास ठेवता येतो. पण ज्या छोट्या लॉटऱ्यांचे आकडे संगणक काढतो त्या तो खेळत नाही. मी म्हटलं, अरे त्या संगणकालाही प्रमाणपत्र असतं, बाहेरची प्रयोगशाळा तपासते. त्यावर तो म्हणाला, 'काय तपासते ते सांग.' आणि मला सांगता येईना.

तर इथल्या जाणकारांना विचारतो. रँडम आकडे काढणारं सॉफ्टवेअर किंवा चेंडूंचं यंत्र तपासतात म्हणजे प्रत्यक्षात काय करतात? आणि त्या तपासणीतून काय सुटू शकतं? लॉटरी खेळावी की नाही हा विषय नाही, कृपया त्यावर प्रवचन नको.

टिचकी
प्रवचन नको म्हणालात म्हणजे पहिल्या पानावर तीन तरी येणार.

मोघम
सोपं आहे. सॉफ्टवेअरकडून लाखो आकडे काढून घेतात आणि प्रत्येक आकडा साधारण सारख्याच वेळा येतो का ते बघतात. १ ते ४९ मधला ७ जरा जास्तच वेळा आला तर नापास. यासाठी ठरलेल्या चाचण्या आहेत, अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा पंधरा चाचण्यांचा संच आहे, त्याआधी मार्साग्लिया यांचा 'डायहार्ड' होता. या सगळ्यांतून पास झालं की सॉफ्टवेअर निष्पक्ष. विषय संपला.

शून्यशेष
मोघम, तुमचं पहिलं वाक्य बरोबर आहे, शेवटचं नाही. मी काही वर्षं गेमिंग सॉफ्टवेअर तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम केलं आहे (नाव विचारू नका). आकड्यांच्या चाचण्या आम्ही करायचोच, पण त्यातून फक्त एका जातीचे दोष सापडतात. दुसऱ्या जातीचे त्यांना दिसतच नाहीत.

पहिल्या जातीचं उदाहरण अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं. २००७ च्या जुलैअखेर त्यांनी चेंडू बंद करून संगणकावर सोडत सुरू केली. तीन अंकी आणि चार अंकी असे दोन खेळ होते. संगणकावर एक सेटिंग चुकीचं राहिलं, त्यामुळे एकाच आकड्यात तोच अंक पुन्हा येणं बंद झालं. म्हणजे ४४७ नाही, ९०९ नाही, ११२३ नाही. लोक मात्र अशा आकड्यांवर पैसे लावत राहिले, कारण त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सुमारे तीन आठवडे हे चाललं.

आता गंमत बघा. प्रत्येक अंक वेगवेगळा मोजला तर ० ते ९ सगळे अगदी समान येत होते. मोघम म्हणतात ती मोजणी केली असती तर यंत्र पास झालं असतं.

रेवती_डी
मी संख्याशास्त्र शिकवते, म्हणून हे गणित मांडल्याशिवाय राहवत नाही. चार अंकी खेळात चारही अंक वेगळे असण्याची शक्यता (१० × ९ × ८ × ७) ÷ १०,००० म्हणजे ०.५०४ येते. थोडक्यात निम्मीच. दुसऱ्या शब्दांत, प्रामाणिक यंत्रातून जवळपास दर दुसऱ्या सोडतीत एखादा अंक पुन्हा यायला हवा. सलग दहा सोडतींत एकदाही आला नाही, तर तसं योगायोगाने घडण्याची शक्यता ०.५०४ चा दहावा घात, म्हणजे हजारात एक. दहा सोडती बघून कोणीही संशय घ्यायला हवा होता.

तीन अंकी खेळात ही शक्यता ०.७२ आहे, त्यामुळे तिथे संशय पक्का व्हायला जास्त सोडती लागतात. दहा सोडतींत पुनरावृत्ती नसण्याची शक्यता जवळपास पावणेचार टक्के उरते, तेवढ्यावर कोणाला फासावर चढवता येत नाही.

मुद्दा असा की 'रँडम आहे का' या प्रश्नाला एकच चाचणी नसते. कोणत्या प्रकारची गडबड शोधतोय हे आधी ठरवावं लागतं, मग त्या गडबडीला पकडणारी मोजणी निवडायची. एनआयएसटीच्या संचात इतक्या चाचण्या आहेत त्या याचसाठी. त्यातल्या सगळ्या पास झाल्या तरी ज्या गडबडीचा विचार कोणी केला नाही ती राहूच शकते.

मोघम
बरं. पण टेनेसीची चूक शेवटी आकड्यांतूनच सापडली ना? म्हणजे पद्धत बरोबर, चाचणी अपुरी.

शून्यशेष
हो, ती तशी सापडणारीच होती. अशा चुका प्रामाणिक असतात, त्या लपायचा प्रयत्न करत नाहीत.

अण्णा_सांगलीकर
आमच्या वेळी मटक्याला कसलं प्रमाणपत्र नव्हतं आणि लोकांचा विश्वास बघा किती. रतन खत्री स्वतः पत्ते काढायचा, आकडा फुटला की तासाभरात सांगलीत पानपट्टीवर पोहोचलेला असायचा. मोबाईल नव्हते तेव्हा.

टिचकी
अण्णा, पोहोचायचा वेग आणि खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी हो.

अण्णा_सांगलीकर
ऐकून तर घे. त्याच्या आधी मुंबईत जो जुगार चालायचा तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर. तारेने भाव यायचा, त्याच्या उघडत्या-बंद भावावर पैसे. आता मुंबईतला कुठला बुकी न्यूयॉर्कचा भाव हलवणार? १९६१ च्या सुमाराला ते भाव येणं बंद झालं, मग इथल्या इथे चिठ्ठ्या आणि पत्ते आले, आणि विश्वास माणसावर गेला. माझा मुद्दा एवढाच की जुना जुगार जास्त सचोटीचा होता.

शून्यशेष
अण्णा, हे तुम्ही गमतीत सांगितलं असेल, पण यात पुढे कामाला येणारी गोष्ट आहे. त्याकडे परत येतो.

डेमॉइनकर
बारा वर्षं आयोवातल्या डेमॉइनमध्ये आहे. शून्यशेष ज्या दुसऱ्या जातीबद्दल बोलतायत तिचं सगळ्यात मोठं प्रकरण आमच्या गावातलं आहे, एडी टिप्टनचं. इथे सगळ्यांना माहीत आहे, तरी थोडक्यात.

वेगवेगळ्या राज्यांच्या लॉटऱ्या मिळून एक संघटना आहे, मल्टी-स्टेट लॉटरी असोसिएशन. तिचं कार्यालय इथेच. टिप्टन तिथे माहिती-सुरक्षेचा प्रमुख होता. २३ डिसेंबर २०१० ला डेमॉइनमधल्या एका पेट्रोलपंपाच्या दुकानात टोपी ओढलेल्या एका माणसाने त्या संघटनेच्या 'हॉट लोटो' या लॉटरीचं तिकीट घेतलं, आणि २९ डिसेंबरच्या सोडतीत त्याला १ कोटी ६५ लाख डॉलरचा जॅकपॉट लागला. पण बक्षीस न्यायला कोणी येईना. बक्षीस मागायची एक वर्षाची मुदत संपायला दोन तासही उरले नव्हते तेव्हा न्यूयॉर्कच्या एका वकिलाने बेलीझ देशातल्या एका ट्रस्टतर्फे तिकीट पुढे केलं. खरा मालक कोण हे लॉटरीने विचारलं, तर सांगायला नकार. शेवटी दावाच मागे घेतला. एवढे पैसे सोडून देणारा माणूस कोण, म्हणून तपास सुरू झाला. २०१४ मध्ये दुकानातलं चित्रीकरण लोकांसमोर आणल्यावर ओळखीच्यांनी आवाजावरून ओळखलं की हा टिप्टनच.

त्याने काय केलं होतं तर पेनड्राइव्हवरून सोडतीच्या संगणकात एक प्रोग्रॅम टाकला, काम झाल्यावर तो स्वतःलाच पुसून टाकतो असा.

वकील_मंडळी
प्रेक्षकांना तपशिलाची आवड आहे म्हणून: २०१५ मध्ये ज्युरीने दोन आरोपांत दोषी ठरवलं, दहा वर्षांची शिक्षा झाली. नंतर आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यातला एक निकाल मुदतीच्या कारणाने रद्द केला. पण तोवर इतर राज्यांतल्या सोडती उघड झाल्या होत्या, आणि २०१७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. शिक्षा पंचवीस वर्षांपर्यंतची. २०२२ मध्ये पॅरोलवर सुटला.

मला त्यातलं सगळ्यात रंजक वाटतं ते वेगळंच. त्यानंतरचा हॉट लोटोचा जॅकपॉट ज्याला लागला त्याने दावा लावला, की डिसेंबरची सोडतच खोटी असेल तर ती रक्कम पुढे माझ्या जॅकपॉटमध्ये जमा व्हायला हवी होती. शेवटी तडजोड झाली. नुकसान कुणाचं झालं हे ठरवणं सोपं नाही.

शून्यशेष
डेमॉइनकर, पेनड्राइव्हची गोष्ट २०१५ च्या खटल्यात सरकारी पक्षाची होती. त्या वेळी आयोवातला सोडतीचा संगणक तपासायला उरलाच नव्हता, त्यामुळे तो अंदाज होता. खरा कोड नंतर विस्कॉन्सिनमध्ये सापडला. तिथल्या २००७ च्या सोडतीचा संगणक न पुसता ठेवलेला होता. फाइलचं नाव `QVRNG.dll`. ती काही लपवलेली वगैरे नव्हती, प्रोग्रॅमचाच नेहमीचा भाग होती. टिप्टनने ते सॉफ्टवेअर स्वतःच लिहिलं होतं.

हे नीट समजून घेऊ, कारण धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

संगणक स्वतःहून रँडम काही करत नाही. त्याला एक सुरुवातीची संख्या द्यायची, सीड म्हणतात तिला, आणि त्यावरून एक ठरलेलं गणित लांबलचक आकड्यांची माळ काढतं. सीड तोच दिला की माळही तीच, पहिल्या आकड्यापासून शेवटपर्यंत. म्हणून सीड कुणालाही ओळखता येऊ नये अशा ठिकाणाहून घ्यायचा. या यंत्रांत त्यासाठी गायगर काउंटर होता, आसपासचा किरणोत्सर्ग मोजून त्यावरून सीड. कल्पना उत्तम, कारण भौतिकशास्त्रालाही पुढची टिकटिक सांगता येत नाही.

टिप्टनने गायगर काउंटरला हातच लावला नाही. त्याने एक अट घातली. माझ्या शब्दांत ती अशी:

```
if (day_of_year in (147, 327, 363)
        and weekday in ("Wed", "Sat")
        and hour >= 20):
    seed = known_formula()
else:
    seed = geiger()
```

वर्षाचा १४७ वा दिवस म्हणजे २७ मे, ३२७ वा म्हणजे २३ नोव्हेंबर, ३६३ वा म्हणजे २९ डिसेंबर. त्यातही बुधवार किंवा शनिवार असेल आणि रात्रीचे आठ वाजून गेले असतील तरच. बाकी सगळे दिवस यंत्र शंभर टक्के प्रामाणिक.

आता सोडती पडताळा. कोलोरॅडो, २३ नोव्हेंबर २००५, बुधवार. विस्कॉन्सिन, २९ डिसेंबर २००७, शनिवार. आयोवाची ती प्रसिद्ध सोडत, २९ डिसेंबर २०१०, बुधवार. त्याच दिवशी कॅन्ससचीही एक. ओक्लाहोमा, २३ नोव्हेंबर २०११, बुधवार.

रेवती_डी
शनिवार-बुधवार ही अट म्हणजे सात दिवसांतले दोन. तीन तारखा × २/७, म्हणजे सरासरी वर्षाला एक दिवसही नाही. एखाद्या वर्षी तो दिवस येणारच नाही.

आणि आकड्यांच्या चाचण्यांना हे का दिसणार नाही याची दोन कारणं आहेत. पहिलं उघड आहे: प्रयोगशाळेत लाखो आकडे काढले ते मंगळवारी दुपारी, म्हणजे गायगरवाल्या वाटेने. दुसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही. समजा चुकून २९ डिसेंबरला रात्री साडेआठला चाचणी घेतली, तरीही आकडे झकास पास होतील! सीड ठाऊक असला म्हणून माळ वाकडीतिकडी दिसत नाही. समान वाटप आहे, पुनरावृत्ती हवी तेवढी आहे, काही खटकत नाही. ती फक्त एका माणसाला आधी माहीत असते, आणि 'कुणाला माहीत आहे का' हे मोजणारी कुठलीही संख्याशास्त्रीय चाचणी नसते.

मोघम
हे पटलं. मग प्रमाणपत्र कशाचं होतं?

शून्यशेष
सॉफ्टवेअर बाहेरून तपासून घेतलेलं होतं. पण तपासणी म्हणजे जर मुख्यत्वे आकडे बघणं असेल, तर त्यातून हे सुटणारच. कोड ओळ-ओळ वाचला असता तर तारखेची अट डोळ्यात भरली असती. लॉटरीच्या आकड्यांना आज वर्षातला कितवा दिवस आहे याच्याशी काय करायचंय? कोड वाचणाऱ्याला हा एकच प्रश्न पडायला हवा होता.

आम्ही कोड वाचायचो तेव्हा सगळ्यात आधी हेच बघायचो: सीड कुठून येतो आणि त्याला दुसरी वाट आहे का. गायगर बिघडला तर काय करायचं यासाठी पर्यायी वाट बऱ्याचदा असते, आणि ती प्रामाणिक हेतूनेही लिहिलेली असते. पण गडबड करायची झाली तर जागा तीच.

सुलभाताई
मला जरा वेगळं विचारायचंय. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या जागा लॉटरीने वाटल्या. ६४ फ्लॅट आणि ४१ जागा. चिटणीसांच्या मुलाने लॅपटॉपवर काहीतरी प्रोग्रॅम चालवला आणि चिटणीसांना लिफ्टसमोरची जागा. आता मी काय मागू? प्रमाणपत्र मागू का?

टिचकी
ताई, मुलाचा जन्मदाखला मागा.

सुलभाताई
हसू नका, गाडी रोज गल्लीत लावावी लागते, पावसाळ्यात वर झाडाची फांदी पडली होती.

शून्यशेष
ताई, तुमच्या प्रश्नाला येतो, त्याचं उत्तर अण्णांच्या कापसात आहे. आधी टिप्टन पुरा करतो.

कोड न वाचताही हे पकडायची एक चाचणी आहे, आणि ती फार साधी आहे. सोडतीच्या संगणकाच्या डिस्कची हुबेहूब प्रत काढायची. घड्याळ एखाद्या तारखेला आणि सोडतीच्या वेळेला लावायचं, सोडत काढायची, आकडे लिहून ठेवायचे. मग डिस्क पुन्हा मूळ स्थितीला आणायची, घड्याळ तेच, आणि परत सोडत. गायगरवरून सीड येत असेल तर दोन्ही वेळचे आकडे वेगळेच येणार. तेच आकडे परत आले तर संपलं, सीड आतूनच कुठूनतरी येतोय. असं वर्षातल्या प्रत्येक तारखेला करायचं, आणि प्रत्येक तारीख सातही वारांवर येईल इतकी वेगवेगळी वर्षं घड्याळात लावून. ३६५ दिवस, सात वार, दोन-दोन सोडती, एका स्क्रिप्टने होतं.

विस्कॉन्सिनमध्ये तज्ज्ञाने शेवटी जवळपास हेच केलं. त्या संगणकावर २९ डिसेंबर २००७ ची सोडत पुन्हा चालवली, आणि त्या दिवशीचे विजेते आकडे जसेच्या तसे बाहेर आले. रँडम म्हणून विकलेल्या यंत्रातून! न्यायालयात यापेक्षा स्पष्ट पुरावा काय देणार.

डिस्क मूळ स्थितीला आणण्यावर माझा भर का, तर सूत्रात नुसती तारीख नसून यंत्राने आधी किती काम केलं यासारख्या गोष्टीही येऊ शकतात. टिप्टनलाही नेमका एकच आकडा ठाऊक नसायचा, शे-दोनशे शक्यतांची यादी असायची आणि तेवढी तिकिटं घ्यावी लागायची. हॉट लोटोत ३९ पैकी ५ आणि वर १९ पैकी १, म्हणजे एकूण १ कोटी ९ लाखांवर जोड्या. त्यातून शे-दोनशेवर येणं म्हणजे जॅकपॉट खिशात.

तर्कट
शून्यशेषांची चाचणी तारखेवर बेतलेली आहे कारण आपल्याला आता उत्तर माहीत आहे. उद्याचा चोर तारीख वापरणारच नाही. तो म्हणेल, 'मागच्या सोडतीत ७, १९ आणि ३१ आले असतील तर', किंवा 'जॅकपॉट अमुक रकमेच्या वर गेला तर'. सगळ्या अटी बाहेरून करून बघता येणार नाहीत, आणि हे तुम्हालाही माहीत आहे.

शून्यशेष
मान्य. बाहेरून सगळं तपासता येत नाही, म्हणून कोड वाचावाच लागतो.

तर्कट
आणि कोड वाचला तरी जो वाचला तोच यंत्रावर चालतोय कशावरून?

शून्यशेष
त्यासाठी हॅश. तपासलेल्या फाइलचा ठसा प्रयोगशाळा काढून ठेवते, सोडतीच्या आधी यंत्रावरच्या फाइलचा ठसा काढून जुळवतात. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. त्याशिवाय आम्ही लेखकाने दिलेली तयार फाइल घ्यायचो नाही. त्याच्याकडून कोड घ्यायचा, आमच्या यंत्रावर आम्हीच त्यातून प्रोग्रॅम तयार करायचा, आणि तोच बसवायचा.

पण हॅशबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. हॅश सांगतो की फाइल बदललेली नाही. ती चांगली आहे असं तो सांगत नाही. गडबड तपासणीच्या आधीच कोडमध्ये असेल तर दररोज हॅश जुळेल आणि दररोज सगळे समाधानाने सही करतील.

डेमॉइनकर
पेनड्राइव्हची दुरुस्ती घेतली. पण माझ्या मते हा सॉफ्टवेअरचा प्रश्नच नाही. तिथे काचेच्या भिंतींची बंद खोली होती, आत जायला दोन माणसं लागायची, कॅमेरे होते. आणि ज्याने आकडे काढणारा प्रोग्रॅम लिहिला तोच माणूस सुरक्षेचा प्रमुख! कर्मचाऱ्यांना तिकीट घ्यायला बंदी होती, ती अंमलात आणायचं कामही अशाच लोकांचं. तुम्ही जगातल्या सगळ्या चाचण्या घ्या, लिहिणारा आणि राखणारा एकच असेल तर काय उपयोग.

घाटवाटा
म्हणजे मेव्हण्याचं बरोबर? चेंडूच बरे?

मोघम
चेंडूत फसवणूक अशक्य आहे. सगळ्यांसमोर उडतात.

रेवती_डी
अशक्य! पेनसिल्व्हेनिया, २४ एप्रिल १९८०, तीन अंकी सोडत, टीव्हीवर सगळ्या राज्यासमोर. सूत्रसंचालक निक पेरी आणि मंडळींनी ४ आणि ६ सोडून बाकी सगळ्या अंकांच्या चेंडूंत आतून रंग टोचून ते जड केले. हवेच्या झोताने जड चेंडू वरच्या नळीपर्यंत पोहोचेनात. मग उरतात फक्त ४ आणि ६ च्या जोड्या: ४४४, ४४६, ४६४, ४६६, ६४४, ६४६, ६६४, ६६६. आठच. आठही आकड्यांवर पैसे लावले. आणि आला कोणता, तर ६६६.

टिचकी
सैतानालाही कमिशन गेलं असणार.

रेवती_डी
सापडलं कसं ते महत्त्वाचं. चेंडूंकडे बघून कुणाला काही कळलं नाही. त्या आठ आकड्यांवर एवढी तिकिटं विकली गेली होती की त्यावरून कुजबुज सुरू झाली आणि तपास लागला. म्हणजे यंत्राच्या तपासणीइतकीच विक्रीची तपासणी महत्त्वाची. कोणत्या आकड्यांवर नेहमीपेक्षा जास्त पैसे आले, कुठल्या दुकानातून, हे सोडत निघण्याआधी गोठवून ठेवायचं असतं.

यानंतर चेंडूंबाबतची शिस्त कडक झाली. संच कुलूपबंद पेटीत, पेटीला क्रमांकाचं सील, चेंडूंचं वजन आणि व्यास वेळोवेळी मोजायचा. एकाहून जास्त यंत्रं आणि संच ठेवायचे, आज कोणते वापरायचे ते आयत्या वेळी चिठ्ठी टाकून ठरवायचं. मग खऱ्या सोडतीआधी काही चाचणी-सोडती, बाहेरचा लेखापरीक्षक शेजारी उभा.

आणि तरी आकड्यांवरून चेंडूंचा निवाडा करायला वेळ लागतो, कारण आठवड्याला दोनच सोडती. शिवाय लोक एक चूक नेहमी करतात. एका सोडतीत ४९ पैकी ६ चेंडू परत न टाकता निघतात, त्यामुळे ते एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. नेहमीचा काय-वर्ग, म्हणजे अपेक्षित आणि प्रत्यक्ष मोजणीतला फरक सांगणारा आकडा, काढून सरळ तक्त्याशी ताडला तर चुकतं, आधी त्याला ४८/४३ ने गुणावं लागतं. हे न केल्यामुळे किंचित पक्षपाती यंत्रही चांगलं दिसतं. इंटरनेटवर 'मी अमुक लॉटरीचा डेटा तपासला' म्हणणाऱ्यांपैकी हे करणारे मला क्वचित दिसले.

अण्णा_सांगलीकर
आपल्याकडच्या सरकारी लॉटरीचं काय?

वकील_मंडळी
१९९८ च्या केंद्रीय कायद्यात सोडत राज्य सरकारने स्वतः काढायची, राज्यातच काढायची, आणि एका अंकावर बक्षीस द्यायचं नाही, असं आहे. मटक्यासारखं काही त्या नावाखाली चालू नये म्हणून शेवटची अट. महाराष्ट्राची लॉटरी १९६९ पासून आहे. पण अण्णा, ज्यात प्रत्येक तिकिटाला छापील क्रमांक असतो तिथे तपासणीचा अर्थ थोडा बदलतो. विकलं न गेलेलं तिकीट विजेतं ठरलं तर काय, हा प्रश्न तिथे यंत्राइतकाच मोठा होतो.

शून्यशेष
आता सुलभाताई. तुमच्या सोसायटीत प्रमाणपत्राचा काही उपयोग नाही. कोड वाचायला कोणी बसणार नाही, आणि वाचला तरी चिटणीसांचा मुलगा पसंतीचा निकाल येईपर्यंत दहा वेळा चालवू शकतो. हा सगळ्यात साधा घोटाळा आहे आणि त्याला कोडमध्ये बदलही लागत नाही.

त्यासाठी सीड त्यांच्या हातातून काढून घ्या. अण्णांच्या न्यूयॉर्क कापसासारखं करा: सगळ्यांना दिसेल पण सोसायटीतल्या कुणालाही हलवता येणार नाही अशा ठिकाणाहून सीड. हे माझं डोकं नाही. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणारी आयईटीएफ आपल्या निवड-समितीचे सदस्य असेच निवडते. RFC 3797 मध्ये ती पद्धत लिहिली आहे. उमेदवारांची क्रमवार यादी आधी जाहीर, सूत्र आधी जाहीर, आणि सीडसाठी वापरायची गोष्ट, उदाहरणार्थ पुढच्या अमुक तारखेच्या सरकारी लॉटऱ्यांचे निकाल, तीही आधी जाहीर. निकाल आले की कुणीही आपल्या घरी गणित करून तीच यादी काढू शकतो.

टिचकी
म्हणजे पार्किंगचा निकाल टॅलाहासीत लागणार! चिटणीसांना व्हिसा मिळायला हवा.

तर्कट
यादीचा क्रम आणि निकालाची तारीख दोन्ही आधी गोठवायची, हे ठळक करा. क्रम नंतर बदलता आला तर कापूस न्यूयॉर्कचा असो की वाशीचा, फरक पडत नाही. आणि तुमच्या सूत्राने सोसायटी चालेल, दिवसाला कोट्यवधी उलाढाल असलेली लॉटरी नाही चालणार. तिला स्वतःचाच सीड लागतो आणि तो तयार होताना कुणीतरी जवळ असतोच.

शून्यशेष
सीडचे तुकडे करता येतात. एक भाग यंत्राचा, त्याचा ठसा सोडतीआधी जाहीर. दुसरा भाग लेखापरीक्षकाचा, तसाच आधी ठसा. दोन्ही उघडल्यावर एकत्र करायचे. दोघांनी संगनमत केलं तरच गडबड.

तर्कट
दोघांनी संगनमत करणं ही काही फार अवघड गोष्ट नाही. पेनसिल्व्हेनियात दोनापेक्षा जास्त होते.

डेमॉइनकर
टिप्टनच्या बाबतीतही भाऊ आणि मित्र तिकिटं लावायला होतेच. विस्कॉन्सिनचे सुमारे ७ लाख ८३ हजार डॉलर मित्राच्या हाती पडले होते आणि त्याने तपासात साथ दिली म्हणून पुढचं प्रकरण उलगडलं.

घाटवाटा
मेव्हण्याला हा धागा पाठवला. त्याचं उत्तर आलं: 'पॉवरबॉलचे चेंडू शेवटचे कधी वजन केले ते विचार.' आता हे कुठे विचारायचं?

सुलभाताई
शून्यशेष, RFC वाचला, अर्धा कळला. रविवारी सर्वसाधारण सभा आहे. मला एवढं सांगा, ज्यांच्याकडे गाडीच नाही ते फ्लॅट यादीत ठेवायचे की आधीच काढायचे? चिटणीस म्हणतात ठेवा, नंतर अदलाबदल करू.

तर्कट
आधी काढा. 'नंतर अदलाबदल' हीच त्यांची २९ डिसेंबर.